सांधे, विसरभोळेपणा, उदासी: पाळी जाण्याच्या वयाला किती दोष द्यायचा?

प्रश्न: माझं वय ४८. आठ-नऊ महिन्यांपासून सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात, ओळखीच्या माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत आणि काही कारण नसताना रडू येतं. पाळी अजून येते, पण मागेपुढे होते. बहीण म्हणते हा पेरिमेनोपॉज. हाडांचे डॉक्टर म्हणतात व्हिटॅमिन डी कमी आहे. घरचे म्हणतात, तू विचार फार करतेस. नक्की काय समजू?

उत्तर:

ताई, तुमच्या बहिणीचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता चांगलीच आहे. पण मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं जे पाहत आले ते असं, की या वयातल्या बाईच्या त्रासाला एकच कारण क्वचित असतं. पाळीचा बदल असतो आणि त्याच्या जोडीला लोह किंवा बी-१२ कमी असतं, नाहीतर थायरॉईड बिघडलेला असतो. एकाला धरून दुसरं सोडलं की बाई अर्धीच बरी होते आणि पुढची दोन वर्षं या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहते. म्हणून ‘पेरिमेनोपॉज आहे की नाही’ असं न विचारता ‘यातला किती भाग त्याचा’ असं विचारायला हवं.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं आपण म्हणतो. त्याआधीची चढउताराची काही वर्षं म्हणजे पेरिमेनोपॉज. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्य देशांत ते ५१ च्या जवळ असतं. तिकडचा आकडा वाचून आपल्याकडच्या ४५ वर्षांच्या बाईला ‘तुला अजून वेळ आहे’ असं सांगितलं जातं, आणि ते चुकीचं असतं. दोन लागोपाठच्या पाळ्यांमधलं अंतर सात किंवा जास्त दिवसांनी बदलायला लागलं, म्हणजे एकदा २५ दिवसांनी आणि पुढच्या वेळी ३४ दिवसांनी पाळी आली, आणि असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं, की बदल सुरू झाला. पाळीत साठ दिवसांहून मोठा खंड पडायला लागला की शेवटचा टप्पा आला. मात्र पाळी चुकली आणि गरोदर राहण्याची थोडीही शक्यता असेल, तर आधी लघवीची तपासणी करा. या वयातही दिवस राहतात.

पंचेचाळिशीनंतर निदानासाठी एवढी माहिती पुरते. एफएसएच नावाच्या हार्मोनची रक्ततपासणी अनेक लॅबच्या पॅकेजमध्ये घुसवलेली असते, पण या काळात तो आकडा महिन्यागणिक उड्या मारतो. आज सामान्य येईल, पुढच्या महिन्यात रजोनिवृत्तीसारखा. सामान्य रिपोर्ट हातात घेऊन ‘मला मेनोपॉज नाही म्हणे’ असं सांगणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. त्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही.

ज्यांची गर्भपिशवी काढलेली आहे त्यांच्याकडे मात्र हे कॅलेंडरच नसतं. आपल्या राज्यात कमी वयात पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ आहेत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोहोचला होता. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली असतील तर बदल हळूहळू होत नाही, काही दिवसांतच होतो आणि त्रासही जास्त असतो. तुमची शस्त्रक्रिया झाली असती तर मी पहिल्यांदा ते जुने कागद मागितले असते.

हे तीन त्रास एकत्र का येतात? या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकदम कमी होत नाही, ते वरखाली होतं. एखाद्या महिन्यात ते नेहमीपेक्षा जास्तसुद्धा असतं. ज्या महिन्यात बीज सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन पुढची पाळी अंगावर जोरात जाते. इस्ट्रोजेनच्या चढउताराने मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि रात्री अंगातून वाफा निघतात. आपल्याकडच्या पुष्कळ बायका वाफा हा शब्द वापरतच नाहीत. त्या सांगतात, ‘रात्री पांघरूण फेकते, पुन्हा ओढते’, ‘तीनला जाग येते आणि मग छातीत धडधडतं’. झोप अशी रोज तुटली की दिवसा लक्ष लागत नाही, लक्ष न लागल्यामुळे गोष्ट डोक्यात शिरतच नाही, आणि जे शिरलं नाही ते आठवणार कसं? दुखणं सहन करण्याची ताकदही झोपमोडीने घटते. म्हणून मी पहिला प्रश्न झोपेचा विचारते.

झोप बाजूला ठेवली तरी हार्मोनचा थेट परिणाम उरतोच. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त बायकांची स्मरणशक्ती वर्षानुवर्षं मोजली गेली. त्यात दिसलं की नवीन गोष्ट शिकण्याचा वेग पेरिमेनोपॉजमध्ये थोडा मंदावतो आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा पूर्ववत होतो. सांध्यांबाबतचा सगळ्यात बोलका पुरावा स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारातून मिळाला. त्यातल्या काही गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणतात, आणि त्या सुरू केल्यावर बऱ्याच बायकांचे सांधे दुखायला, आखडायला लागतात. तेव्हा ‘सांध्यांचा आणि पाळीचा काय संबंध’ असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

आता सांध्यांबद्दल जरा सविस्तर, कारण घाई सगळ्यात जास्त इथेच नडते. पेरिमेनोपॉजमधली आखडण सकाळी उठल्यावर आणि बराच वेळ बसून उठल्यावर जाणवते, हालचाल सुरू केली की दहा-वीस मिनिटांत सैल होते, आज गुडघे तर उद्या खांदे अशी फिरते, आणि सांधा सुजलेला दिसत नाही. याउलट सकाळची आखडण अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त टिकत असेल, बोटं जिथे तळव्याला जोडलेली असतात तिथले सांधे दोन्ही हातांत सुजत असतील, अंगठी निघत नसेल, कुणी हातात हात घेऊन दाबला की कळ येत असेल, आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसचा विचार करावा लागतो. तो बायकांमध्ये जास्त होतो आणि अनेकींमध्ये याच वयात सुरू होतो. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, वर्षभर ‘मेनोपॉज असेल’ म्हणत बसलं तर हाडं झिजतात. त्यासाठी ईएसआर, सीआरपी, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या असतात. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाहीच असं होत नाही, आणि सूज नसताना तो थोडासा पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात ठरतही नाही. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून पाहिलेली सूज रिपोर्टपेक्षा महत्त्वाची. गेल्या वर्ष-दोन वर्षांत चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही सांगा. त्याची सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळते आणि दिसायला आमवातासारखीच दिसते.

तुमच्या व्हिटॅमिन डीबद्दल. आपल्याकडे ते इतक्या लोकांमध्ये कमी असतं की कुणाचीही तपासणी केली तरी आकडा कमीच निघण्याची शक्यता जास्त. खरी कमतरता असेल तर हाडं ठणकतात, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. ती भरून काढाच. पण बोटांची सकाळची आखडण, विसरणं आणि रडू येणं हे सगळं त्या एका आकड्यावर टाकून मोकळं होता येत नाही. आणि एक कळकळीची विनंती: सांधेदुखीवर कुणी चूर्ण किंवा नाव नसलेल्या पुड्या देत असेल आणि दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटत असेल, तर त्या लगेच डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

विसरण्याबाबत मात्र मी तुम्हाला बऱ्यापैकी निश्चिंत करू शकते. नाव जिभेवर येऊन अडकणं आणि तासाभराने आपोआप आठवणं, खोलीत कशाला आलो ते न सुचणं, एका वेळी तीन कामं न जमणं, हे या काळाचं विसरणं आहे. ते बाईला स्वतःला जास्त खुपतं, घरच्यांच्या फारसं लक्षातही येत नाही. उलट घरच्यांना जास्त जाणवत असेल, तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जात असेल, रोजचा रस्ता चुकत असेल, वर्षानुवर्षं केलेला हिशेब जमेनासा झाला असेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, यांनीही स्मरणशक्ती मंदावते, म्हणून घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांकडे घेऊन जा.

रडू येण्याबद्दल. पेरिमेनोपॉजमध्ये नैराश्याचा धोका खरोखरच वाढतो, आणि ज्यांना बाळंतपणानंतर किंवा दर पाळीच्या आधी उदासीचा त्रास झाला होता त्यांना तो जास्त असतो. ही मनाची कमजोरी नाही, आणि ‘विचार फार करतेस’ हे काही निदान नाही. दोन आठवडे किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, मन खिन्न राहत असेल किंवा आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, तर ते नैराश्य समजून त्यावर स्वतंत्र उपचार करावेत. कारण हार्मोन असो वा आणखी काही, उपचार थांबवून ठेवायचे नाहीत. जगू नये असं एकदा जरी वाटलं असेल, तरी तपासण्यांची वाट पाहू नका. घरातल्या एका माणसाला सांगा आणि सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

रक्ताच्या तपासण्या फार नकोत. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, थायरॉईडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखरेसाठी एचबीएवनसी, एवढ्या मी करून घेते. सांधे सुजत असतील तर वर सांगितलेल्या तपासण्या जोडायच्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडची तपासणी करण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा, नाहीतर आकडे खोटे येतात. फेरिटिन मुद्दाम मागून घ्या, कारण हिमोग्लोबिन साडेबारा असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे असंच समजायचं. अंगात ताप किंवा सूज असेल तर मात्र ते खोटं वर दिसतं.

हे सगळं एकत्र कसं गुंतलेलं असतं ते एका पेशंटवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ४७, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाकाहारी. पाळी कधी २२ दिवसांनी, कधी ३७ दिवसांनी. आठ दिवस रक्तस्राव, पहिले दोन दिवस गाठी पडायच्या आणि दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागायचं. ‘या वयात असंच जातं’ असं समजून त्यांनी ते सांगितलंच नव्हतं, मी विचारल्यावर सांगितलं. पहाटे तीनला घाम येऊन जाग यायची. सकाळी पंधरा मिनिटं बोटं आखडायची, सूज कुठेच नाही. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वेगळं दुखणं, बरणीचं झाकण उघडताना कळ यायची. हजेरी घेताना मुलांची नावं अडायची, त्याची त्यांना फार लाज वाटायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर काही महिने सतत रडू येत होतं, तेव्हा कुणी उपचार केले नव्हते. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. तिच्यात २७ पैकी ११ गुण आले, म्हणजे मध्यम नैराश्य. आत्महत्येचे विचार नव्हते.

रिपोर्ट आले: हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ७, बी-१२ १६०, टीएसएच ३.१, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पाळी अनियमित आणि जोरात जात होती, वय पंचेचाळिशीच्या पुढचं होतं, म्हणून सोनोग्राफी केली आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. हे या वयात टाळायचं नसतं. त्यात कॅन्सर किंवा त्याची पूर्वखूण काही निघालं नाही.

पहिल्या टप्प्यात हार्मोन दिलंच नाही. लोहाची गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत, आणि तिच्या आगेमागे तास-दोन तास चहा नाही. एक दिवसाआड घेतली की लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटाचा त्रासही कमी होतो. बी-१२ ची इंजेक्शनं दिली. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. सोबत समुपदेशकाकडे जाणं सुरू केलं. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं, जिना चढताना लागणारी धाप गेली, नावं अडण्याचं प्रमाण त्यांच्याच अंदाजाने निम्म्यावर आलं, प्रश्नावलीचे गुण ८ वर उतरले. पण पहाटेची जाग आणि बोटांची आखडण जशीच्या तशी होती. म्हणजे विसरणं आणि उदासी यांचा एक मोठा हिस्सा रक्त आणि बी-१२ कमी असण्याचा होता, आणि झोप-सांध्यांचा भाग वेगळा उरला.

मग दुसरा टप्पा. रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी ठीक होती, रक्तात गाठी होण्याचा इतिहास नव्हता. गर्भाशयात तांबीसारखं दिसणारं, हळूहळू हार्मोन सोडणारं साधन बसवलं. त्याने रक्तस्रावही कमी होतो आणि अस्तराचं रक्षणही होतं. त्यासोबत कातडीवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं. महिन्याभरात रात्रीचा घाम थांबला, झोप लागू लागली. तीन महिन्यांनी सकाळची आखडण जवळजवळ गेली, गुण ४ वर आले. अंगठ्याला मात्र काडीचा फरक पडला नाही. एक्स-रेमध्ये अंगठ्याच्या मुळाची झीज दिसली. तो भाग हार्मोनचा नव्हताच. अंगठ्याला आधाराचा पट्टा आणि वेदनाशामक मलम यावर ते आता सांभाळलं जातं.

पहिल्याच दिवशी जेल दिलं असतं तर झोप सुधारून त्यांना बरं वाटलं असतं, आणि ७ चं फेरिटिन तसंच राहिलं असतं. म्हणून हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अर्थात वाफांनी कुणी अगदी हैराण असेल तर दोन्ही उपचार बरोबर सुरू करता येतात.

हार्मोनची भीती २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे तुमच्याहून बरंच जास्त. पन्नाशीच्या आसपास, वाफा आणि झोपमोड यांसाठी घेतलेल्या हार्मोनचा हिशेब वेगळा आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही घेतले तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वर्षांनुसार थोडा वाढतो, हे खरं आहे आणि ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे. कातडीवर लावायच्या इस्ट्रोजेनने रक्तात गाठी होण्याचा धोका वाढत नाही, गोळीने थोडा वाढतो. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच घ्यायचं नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल किंवा यकृताचा मोठा आजार असेल, तर हा मार्ग सहसा बंद. त्यांच्यासाठी वाफा आणि मन दोन्हींवर काम करणारी व्हेन्लाफॅक्सिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधं असतात. सांध्यांवर हार्मोनचा फायदा होतो, पण बेताचा. केवळ सांधे दुखतात किंवा पुढे स्मृतिभ्रंश होऊ नये एवढ्याचसाठी मी हार्मोन देत नाही. आणि तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर तेच औषध वाढवत न बसता निदान पुन्हा तपासते.

तुम्ही आता एवढं करा. पुढचे सहा आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: पाळी आली का आणि किती पॅड लागले, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी आखडण किती मिनिटं टिकली (घड्याळ बघून), आणि दिवस मनाने कसा गेला. वर सांगितलेल्या पाच तपासण्या याच दरम्यान करून घ्या. आखडण अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल किंवा सांधे सुजलेले दिसले तर सहा आठवडे थांबू नका, संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या. तासाला एक पॅड भिजत असेल किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त दिसत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा. पुढे कधी पाळी पूर्ण वर्षभर बंद राहिली आणि नंतर एक डाग जरी दिसला, तर ती ‘परत आलेली पाळी’ समजू नका, लगेच तपासून घ्या.